सेल्समनला कमिशन असं द्या की विक्री वाढेल, पण गिऱ्हाईक पळणार नाही

साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या बाईंसमोर तीस साड्यांचा ढीग पडलाय आणि त्या उठायला लागल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ताई, एवढ्या उघडून दाखवल्या, एक तरी घ्या की." बाई ओशाळून एक साडी घेतातही. चार दिवसांनी ती बदलायला येते, आणि बाई पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जातात. मालक त्या मुलाला झापतात. पण बहुतेक वेळा त्याला तसं बोलायला लावणारा हिशेब मालकांनीच घालून दिलेला असतो. "महिन्याला सात लाखांवर गेलास तर डबल कमिशन" असं सांगितल्यावर मुलाच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक राहत नाही, आकडा राहतो.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: तालुक्याच्या गावातलं साडी आणि ड्रेस मटेरियलचं दुकान, काउंटरवर तिघं, गल्ल्यावर मालक, सरासरी महिन्याची विक्री सहा-साडेसहा लाख, ढोबळ नफा तीस टक्क्यांच्या आसपास. चपला, भांडी किंवा इमिटेशन ज्वेलरीचं दुकान असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सला मात्र ती जशीच्या तशी लावू नका. तिथे मार्जिन फार थोडं असतं आणि कंपन्यांच्या स्कीम वेगळ्याच चालतात.

आधी पगार

कमिशनचा विचार करण्याआधी ठरलेला पगार घर चालण्याइतका आहे का ते बघा. ज्याच्या घरातला किराणा कमिशनवर अवलंबून आहे, तो गिऱ्हाइकाला सहज सोडणार नाही. त्याला कितीही समजावलं तरी नाही. कायद्याचं म्हणणंही तेच आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलं आहे, त्यामुळे "पगार कमी, पण कमिशन धरून किमान वेतन होतं" हा हिशेब चालत नाही. महाराष्ट्रात दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचे किमान वेतनाचे दर परिमंडळानुसार ठरतात आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. जानेवारी आणि जुलैत तो तपासायची सवय लावून घ्या.

आपल्या उदाहरणात तिघांना प्रत्येकी 15,000 धरू. कमिशनचं उद्दिष्ट त्यावर वर्षभराच्या सरासरीने दहा ते पंधरा टक्के, म्हणजे महिन्याला दीड ते सव्वादोन हजार. यापेक्षा बरंच कमी असेल तर त्याकडे कुणी बघत नाही, आणि पगाराच्या निम्म्यावर गेलं तर माणूस कमिशनसाठीच जगायला लागतो.

विक्रीवर टक्का का नको

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात प्रचलित पद्धत म्हणजे विक्रीच्या एक टक्का. तिच्यात काय बिघडतं ते एका साडीवर पाहू. लेबलवर किंमत 2,000, खरेदी 1,400 (दोन्ही जीएसटी वगळून). लेबलच्या भावात गेली तर दुकानाला 600 सुटतात, मुलाला 20 मिळतात. गिऱ्हाईक घासाघीस करतं, मुलगा दोनशे सोडतो. आता दुकानाला 400 सुटले, म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. मुलाचे मात्र 20 चे 18 झाले. दोन रुपयांसाठी तो कशाला भावावर टिकून राहील? तो पटकन सोडणार, बिल फाडणार आणि पुढचं गिऱ्हाईक गाठणार. विक्री वाढलेली दिसते आणि वर्षाअखेरीला मालक विचारतात, पैसे गेले कुठे.

टप्प्यांचं कमिशन त्याहून वाईट. समजा, सहा लाखांवर गेलं की सगळ्या विक्रीवर एक टक्का आणि सात लाखांवर गेलं की दोन टक्के. 6,90,000 वर महिना संपला तर 6,900 मिळतील, 7,00,000 झाले तर 14,000. शेवटच्या दहा हजारांच्या विक्रीची किंमत सात हजार रुपये! महिन्याच्या 29 तारखेला दुकानात पाय ठेवणाऱ्या माणसाच्या गळ्यात काहीही मारलं जाईल. मेव्हण्याच्या नावाने बिल फाडून दोन तारखेला माल परत येईल तो वेगळाच.

तिसरा प्रकार म्हणजे पडून राहिलेल्या मालावर पीसमागे वीस-पन्नास रुपये. मालकाला वाटतं, डेड स्टॉक हलेल. हलतोही, पण ज्यांनी मुलावर विश्वास ठेवून "तूच दाखव चांगली" म्हटलं, त्यांच्याच पिशवीत तो जातो.

काय मोजायचं

मोजायचा तो ढोबळ नफा: सूट आणि परत आलेला माल वजा करून उरलेली विक्री, त्यातून त्याच मालाची खरेदी वजा. भाडं, वीज, पगार यात आणू नका. ते मुलांच्या हातात नसतं, आणि तिथे वाद सुरू झाला की संपत नाही.

इथे मालकांची एक खरी अडचण असते. खरेदीचा भाव काउंटरवर कळू द्यायचा नसतो. लेबलवर सांकेतिक अक्षरं लिहायची पद्धत त्यासाठीच आहे. तर पीसचा नफा सांगूच नका. महिन्याचा एकूण ढोबळ नफा तेवढा सांगा. कुठल्या साडीत किती सुटतात हे मुलाला माहीत नसलं तर तो जास्त मार्जिनची साडी पुढे ढकलणार नाही, हा वरचा फायदा. सूट दिली की सगळ्यांच्या वाट्यातून जाते, एवढं त्याला कळलं की पुरे.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदी भरत असाल तर हा आकडा आयता मिळतो. भरत नसाल तर नवा माल लावतानाच प्रत्येक पीसची खरेदी भरायला सुरुवात करा आणि तीन महिन्यांनी या योजनेकडे या. अंदाजाच्या नफ्यावर कमिशन वाटायला घेतलं तर पहिल्याच महिन्यात "शेठ, आकडा कमी धरलाय" असं ऐकावं लागेल.

पाया कुठला धरायचा

गेल्या वर्षीच्या त्याच मोसमाचा ढोबळ नफा घ्या आणि त्याचे नव्वद टक्के हा पाया धरा. पायाच्या वर जितका नफा होईल त्याचे पंधरा टक्के तिघांच्या सामायिक खात्यात जमा. टप्पे नाहीत, पायाच्या वरच्या पहिल्या रुपयापासून शेवटच्या रुपयापर्यंत दर एकच. त्यामुळे 29 तारखेच्या गिऱ्हाइकाची किंमत 9 तारखेच्या गिऱ्हाइकाइतकीच राहते.

शंभर टक्के न धरता नव्वद धरायचं कारण, साधारण महिन्यातही हातात काहीतरी पडलं पाहिजे. मालकाला हे खटकतं: वाढ झालीच नाही तरी पैसे द्यायचे? हो, थोडे द्यायचे. काहीच मिळणार नाही असं महिन्याच्या मध्यावर दिसलं की माणूस एकतर हात झटकतो, नाहीतर गिऱ्हाइकावर तुटून पडतो.

"त्याच मोसमाचा" हे मुद्दाम म्हटलं, "त्याच महिन्याचा" नाही. आपली खरेदी तिथीवर चालते. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. 2026 मध्ये दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी केली तर 2026 च्या ऑक्टोबरमध्ये मुलांना शून्य मिळेल आणि नोव्हेंबरमध्ये काही न करता घबाड. म्हणून घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधीपासून भाऊबीजेपर्यंतचा काळ एक मोसम धरा आणि त्याचा हिशेब एकत्र करा. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे बस्ते नाहीत, पण लेक-जावयाला बोलावून साडी आणि कपडे करण्याची खरेदी आहे. त्याला गेल्या वर्षीच्या मे-जूनचा पाया लावता येत नाही. अशा महिन्यासाठी साध्या, सणावाराविना गेलेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी घ्या आणि ती आधी जाहीर करा.

पाया वर्षातून एकदाच बदला, पाडव्याला नाहीतर एप्रिलमध्ये. एक महिना जोरात गेला म्हणून लगेच पाया वर नेलात, तर मुलं शिकतात की जास्त विकलं की पुढचा महिना जड होतो. मग ती हात राखून काम करतात.

एक महिना प्रत्यक्ष

जानेवारी घेऊ. संक्रांतीच्या काळ्या साड्या, हळदीकुंकवाची वाणं, लग्नाचे बस्ते. गेल्या जानेवारीचा ढोबळ नफा 1,80,000, म्हणून पाया 1,62,000. यंदा लेबलच्या भावाने विक्री 7,00,000. त्यातून सूट 28,000 आणि परत आलेला माल 12,000 वजा, उरले 6,60,000. या मालाची खरेदी 4,65,000. ढोबळ नफा 1,95,000, पायापेक्षा 33,000 वर. पंधरा टक्क्यांनी सामायिक खात्यात 4,950. शीटमध्ये बी रकान्यात नफा आणि सी रकान्यात पाया असेल तर:

```
=MAX(0, B2-C2)*15%
```

शून्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि मंदीच्या महिन्याची तूट पुढच्या महिन्यात ओढायची नाही. आषाढाची तूट श्रावणात कापली तर योजना तिथेच मेली.

आता याच आकड्यांत सूट बघा. तिघांनी मिळून सूट निम्मी केली असती तर नफा 14,000 ने वाढला असता आणि खात्यात 2,100 जास्त आले असते. हे वाक्य महिन्याच्या हिशेबाच्या वेळी एकदा बोलून दाखवा. "घासाघीस करू देऊ नका" असं वर्षभर ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

वाटणी

तीन-चार माणसांच्या दुकानात प्रत्येकाच्या बिलावर वेगळं कमिशन देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दिलं की दारातच गिऱ्हाईक वाटून घेतलं जातं. "मावशी, इकडे या, इकडे या" अशी ओढाताण सुरू होते. साध्या कॉटनच्या साडीसाठी आलेल्या आजींकडे कुणी बघत नाही आणि बस्त्याच्या कुटुंबावर तिघं तुटून पडतात. एकाने अर्धा तास दाखवलं आणि बिल दुसऱ्याच्या नावावर गेलं की भांडण ठरलेलं.

म्हणून खात्यातले सत्तर टक्के हजेरीच्या दिवसांवर वाटा. आपल्या उदाहरणात 3,465 रुपये. तिघांचे दिवस 26, 26 आणि 23, एकूण 75. दिवसाला 46 रुपये 20 पैसे. म्हणजे पहिल्या दोघांना 1,201 आणि तिसऱ्याला 1,063.

उरलेले तीस टक्के, म्हणजे 1,485, तिघांत सारखे: प्रत्येकी 495. पण ते चार गोष्टींवर मिळतील, प्रत्येक गोष्टीला चौथा हिस्सा. पहिली, उघडलेला माल दिवस संपायच्या आत घडी घालून आपापल्या रॅकमध्ये. दुसरी, हातातलं गिऱ्हाईक सोडून जायची वेळ आली तर त्याला काय हवं आहे, बजेट किती आहे ते सांगून दुसऱ्याकडे सोपवणं. तिसरी, मागणी वही. चौथी, "सांगितलं एक, निघालं दुसरं" या कारणाने माल परत न येणं.

मागणी वहीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दडपणाविना विक्री वाढवण्याचं यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू नसेल तर मुलाने "नाही" म्हणून सांगायचं आणि गल्ल्याजवळच्या वहीत तारीख, वस्तू, रंग, बजेट आणि गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर मोबाइल नंबर लिहायचा. "नऊवारी, कॉटन, राणी कलर, बाराशेपर्यंत." महिन्यात अशी पाच टिपणं एकाच मालाची आली की पुढच्या खरेदीत तो माल येतो आणि वहीतल्या नंबरांवर फोन जातो. नसलेल्या मालाबदली दुसरंच काही गळ्यात मारण्याचं कारणच उरत नाही. मात्र नोंदीमागे पैसे ठेवू नका, खोट्या नोंदी येतील. वही रोज लिहिली जाते का, एवढंच बघायचं.

चौथ्या गोष्टीसाठी माल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला कारण मालकांनी स्वतः विचारायचं आणि बदलीच्या चिठ्ठीवर लिहायचं. सासूबाईंना रंग आवडला नाही, डाग निघाला, आधीच तशी साडी होती, ही कारणं मुलाच्या माथी मारायची नाहीत. पण सेमी पैठणी हातमागाची म्हणून विकली, किंवा आर्ट सिल्क प्युअर म्हणून, तर त्या महिन्याचा तो चौथा हिस्सा गेला. एकदाच, आणि त्याचाच; सगळ्यांचा नाही.

समजा, दुसऱ्या मुलाची मागणी वही महिनाभर कोरी राहिली. त्याला 495 ऐवजी 371 मिळतील आणि एकूण 1,572. पहिल्याला 1,696, तिसऱ्याला 1,558. न मिळालेले 124 रुपये मालकांनी ठेवायचे नाहीत आणि इतर दोघांनाही द्यायचे नाहीत. दिले तर एकमेकांच्या चुका मोजायचा धंदा सुरू होईल. ते पुढच्या महिन्याच्या खात्यात टाका.

पडेल माल

नफ्यावर कमिशन ठेवलं की एक नवीन अडचण येते, ती आधीच ओळखा. जुना माल खरेदीच्या खाली विकला तर सामायिक खातं घटतं, म्हणून मुलं तो रॅकमधून काढतच नाहीत. यावर उपाय हिशेबात आहे. दोन मोसम पडून राहिलेल्या मालाची खरेदी कमिशनच्या हिशेबापुरती उतरवा. 900 ची खरेदी 500 धरा आणि लेबल 1,400 चं 750 करा. आता ती विकली की खात्याच्या दृष्टीने 250 नफा, आणि गिऱ्हाइकाला खरोखरच स्वस्त मिळाली. असा माल वेगळ्या टेबलावर "जुना स्टॉक" अशी पाटी लावून ठेवा. फायदा मुलाच्या खिशात जाण्याऐवजी गिऱ्हाइकाला उघड दिसला की ढकलावं लागत नाही. (आयकराच्या हिशेबात स्टॉकची किंमत कशी दाखवायची ते तुमचे सीए सांगतील. इथे फक्त कमिशनची वही चालली आहे.)

परकर, इनरवेअर, लेगिंग्जच्या कंपन्या कधी कधी थेट मुलांना कूपन देतात. ते बंद करायच्या फंदात पडू नका, पण नियम ठेवा: आलेलं कूपन मालकांना दाखवायचं आणि सामायिक खात्यात टाकायचं. आणि "सोबत परकर, फॉल-बीडिंग करू का?" हे एकदाच विचारायचं. गिऱ्हाईक नको म्हणालं की विषय संपला. बाई "बघते, येते परत" म्हणाल्या की "या ना, तुमच्यासाठी दोन बाजूला ठेवतो संध्याकाळपर्यंत" एवढं बोलून मोकळं व्हायचं.

पैसे कधी द्यायचे

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावा लागतो. तो तसाच चालू द्या. कमिशन 20 तारखेला द्या. बदलून देण्याची मुदत पंधरा दिवसांची असेल तर तोवर महिन्याअखेरीचा माल परत यायचा तो येऊन गेलेला असतो आणि आकडा पक्का होतो. हातात दिलेले पैसे परत मागण्यापेक्षा हे बरं. जानेवारीचा माल मुदत उलटून फेब्रुवारीअखेर परत घेतलात तर तो तुमचा निर्णय, जानेवारीच्या वाट्याला हात लावायचा नाही.

देताना उचल कापू नका. पगारातून ठरल्याप्रमाणे कापा, पण कमिशन पूर्ण हातात पडू द्या, सोबत पाच ओळींचा हिशेबाचा कागद: विक्री, सूट, परत, नफा, वाटा. दिवाळीचा बोनस यात मिसळू नका. वर्षानुवर्षं मिळणारा बोनस "आता कमिशन आहे ना" म्हणून काढून घेतलात तर ही सगळी योजना म्हणजे पगार कापायची युक्ती होती, असाच अर्थ निघेल.

सुरू करण्याआधी आणि नंतर

मुलांना सांगण्याआधी गेल्या बारा महिन्यांचे आकडे कागदावर या सूत्रात घालून बघा. पाया काढायला त्याआधीच्या वर्षाचेही लागतील. नसतील तर पहिलं वर्ष साध्या महिन्यांची सरासरी आणि सणाचा अंदाज यांवर काढा. एकाही महिन्यात सामायिक खात्यात पगारांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त रक्कम येत असेल, किंवा चारपेक्षा जास्त महिने शून्य येत असेल, तर पाया चुकलाय. मग सहा महिने करून बघू असं सांगून सुरू करा, नियम एका पानावर लिहून गल्ल्याजवळ लावा.

नंतर दर महिन्याला तीन आकडे बघत राहा: लेबलच्या विक्रीत सुटीचं प्रमाण (आपल्या जानेवारीत चार टक्के), शंभर बिलांमागे बदलायला आलेला माल, आणि मोबाइल नंबरवरून दिसणारी परत आलेली गिऱ्हाइकं. विक्री वाढतेय, पण बदलीही वाढतेय आणि जुने नंबर कमी दिसताहेत, तर दडपण परत आलंय. त्या वेळी दर वाढवून किंवा कमी करून काही होत नाही. दोन दिवस काउंटरजवळ उभं राहून कोण काय बोलतंय ते ऐका.

एखादा खरोखरच कामचुकार निघाला आणि दोघांच्या जीवावर वाटा घेत असेल, तर त्याच्यासाठी वाटणीचे नियम बदलू नका. त्याच्याशी बोला, नाही सुधारला तर पगारवाढीच्या वेळी त्याचं उत्तर द्या. आणि जो खरोखर चांगला आहे, ज्याचं नाव घेऊन गिऱ्हाईक येतं, त्याचा मूळ पगारच वाढवा. कमिशन चढ-उताराचं असतं, त्याच्या भरवशावर त्याला घराचा हप्ता घेता येणार नाही. नोकरी सोडून जाणाऱ्यालाही त्याने भरलेल्या दिवसांचा वाटा 20 तारखेला बोलावून द्या. बाकीचे दोघं तेव्हा तुमच्याकडे बघत असतात.